गावच्या माजी विद्यार्थ्याला पद्मश्री मिळाली, मग मानपत्रावर ‘पद्मश्री अमुक तमुक’ असं छापायचं का? उत्तर आहे, नाही

२५ जानेवारीची संध्याकाळ. दिल्लीतून पद्म पुरस्कारांची यादी येते आणि तासाभरात गावाकडचे व्हॉट्सॲप ग्रुप पेटतात. ‘आपल्या शाळेचा’, ‘आमच्या बॅचचा’, ‘आपल्या आळीतला’ असे मेसेज सुरू होतात. रात्री बॅनरचं डिझाईन तयार असतं आणि दुसऱ्या दिवशी ध्वजवंदन झालं की माजी विद्यार्थी संघाचं अभिनंदनपत्र फोटो काढून फेसबुकवर टाकलेलं असतं.

इथपर्यंत सगळं छान आहे. पण या पत्राच्या अगदी पहिल्या ओळीत हमखास एक चूक होते. ‘पद्मश्री’ हा शब्द थेट नावाच्या आधी लावला जातो. लिहिणाऱ्याला वाटतं आपण मान वाढवतोय. प्रत्यक्षात ज्याचा सत्कार करायचा आहे, त्यालाच आपण अडचणीत आणत असतो.

कसं, ते नीट समजून घेऊ. आणि शेवटी अलिबागच्या उत्तरेला समुद्रकाठी असलेल्या थळसारख्या गावातल्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाने असं पत्र कसं लिहावं, याचा एक पूर्ण नमुनाही बघू.

आधी रायगडचंच एक उदाहरण

चिंतामणराव देशमुख, म्हणजे सी. डी. देशमुख. जन्म १८९६ सालचा, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावचा. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिले आले, पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकले, आयसीएस झाले. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री होते आणि १९५२ साली लोकसभेवर निवडून गेले ते कुलाबा मतदारसंघातून. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा म्हणूनच ओळखला जायचा. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, ती गोष्ट तर महाराष्ट्राला पाठ आहे.

आता त्यांना मिळालेले दोन सन्मान शेजारी ठेवून बघा. १९४४ साली इंग्रज सरकारने त्यांना ‘सर’ केलं. १९७५ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिला. वरवर दोन्ही सारखेच वाटतात, सरकारने केलेला गौरव. पण ‘सर’ ही पदवी होती. ती नावाला चिकटायची, ‘सर चिंतामणराव’ असंच लिहिलं आणि बोललं जायचं. पद्मविभूषण हा पुरस्कार आहे. तो माणसाला मिळतो, त्याच्या नावाला चिकटत नाही.

हा फरक शब्दांचा खेळ नाही, तो थेट राज्यघटनेतून आलाय. घटनेच्या कलम १८ मध्ये म्हटलंय की लष्करी आणि शैक्षणिक सन्मान सोडले तर सरकार कोणालाही किताब देणार नाही. रावबहादूर, रावसाहेब, सर असे किताब वाटून इंग्रजांनी समाजात एक वेगळाच वर्ग तयार केला होता. स्वतंत्र देशात सगळे नागरिक समान, म्हणून ही पद्धतच बंद झाली. ‘डॉक्टर’ किंवा ‘कर्नल’ नावाआधी चालतं आणि ‘पद्मश्री’ चालत नाही, ते याच कारणाने.

मग पद्म पुरस्कार घटनेत बसतात कसे?

हा प्रश्न थेट न्यायालयात गेला होता. भारतरत्न आणि पद्म पुरस्कार सुरू झाले १९५४ साली. मागच्या दाराने पुन्हा किताब आणलेत, अशी टीका तेव्हापासूनच व्हायची. १९७७ साली जनता सरकारने हे पुरस्कार बंदही केले आणि १९८० साली ते पुन्हा सुरू झाले. शेवटी ‘बालाजी राघवन विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल दिला.

निकालाचा सार असा, की हे पुरस्कार म्हणजे किताब नाहीत, त्यामुळे ते देण्यात काही गैर नाही. पण ते किताबासारखे वापरायचे नाहीत. नावाच्या आधी नाही आणि नावाच्या नंतरही नाही. असा वापर झाला तर पुरस्कार काढून घेण्याची तरतूद पुरस्काराच्या नियमांमध्येच आहे.

म्हणजे बघा, नावाआधी ‘पद्मश्री’ न लावणं ही त्या पुरस्काराची अटच आहे. ती मोडत गेलो, तर पुरस्कार घटनेत बसतो या म्हणण्यालाच अर्थ राहत नाही.

केंद्र सरकार पुरस्काराच्या माहितीत हे आणखी स्पष्ट करून सांगतं. लेटरहेड, निमंत्रणपत्रिका, पोस्टर, पुस्तकं अशा कुठेही पुरस्काराचं नाव व्यक्तीच्या नावाला जोडायचं नाही. आता माजी विद्यार्थी संघ काय काय छापतो ते आठवा. निमंत्रणपत्रिका, बॅनर, मानपत्र. यादी जवळपास तीच आहे.

‘पण ते आम्ही लिहिलंय, त्यांनी थोडंच लिहिलं?’ असं कोणी म्हणेल. तेलुगू अभिनेते मोहन बाबू यांच्याबाबतीत वाद झाला तो चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नावाआधी ‘पद्मश्री’ आल्यामुळे. ते प्रकरण उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेलं. म्हणजे छापणारा कोणीही असो, उत्तर द्यायची वेळ येते ती पुरस्कार मिळालेल्या माणसावर. आणि आपलं पत्र तर कायम त्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर असणार.

मग लिहायचं कसं?

सोपं आहे. पुरस्कार नावाला न जोडता वाक्यात सांगायचा.

‘पद्मश्री श्री. अमुक यांचा सत्कार’ असं लिहू नका. ‘श्री. अमुक यांना २०१७ चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाल्याबद्दल त्यांचा सत्कार’ असं लिहा. मजकूर तोच आहे, मानही तेवढाच आहे आणि नियमही पाळला जातो. ‘पद्मश्री पुरस्कारप्राप्त श्री. अमुक’ अशी पळवाट बरेच जण काढतात. तीही टाळलेली बरी, कारण शब्द पुन्हा नावाच्या आधीच येऊन बसतो आणि बॅनरवर जागा कमी पडली की ‘पुरस्कारप्राप्त’ हाच भाग पहिल्यांदा कापला जातो.

सूत्रसंचालकालाही हे आधी सांगून ठेवा. पत्र बरोबर आणि माइकवर मात्र ‘आता मंचावर येत आहेत पद्मश्री…’ असं होऊ नये.

पुरस्कार कुठला, कोणी दिला, कधीचा?

दुसरी चूक होते ती तपशिलात. इथे तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली म्हणजे पुरस्कार राष्ट्रीय आहे की राज्याचा. अलिबाग तालुक्यातल्या रेवदंड्याच्या आप्पासाहेब धर्माधिकारी यांचं उदाहरण घ्या. त्यांना २०१७ साली पद्मश्री मिळाला, तो केंद्राचा. पुढे महाराष्ट्र भूषण मिळाला, तो राज्य सरकारचा. दोन्ही मोठेच, पण ‘राष्ट्रीय पुरस्कार’ हे शब्द पहिल्यालाच लागू होतात. आणि ‘राष्ट्रीय’ हा शब्द नावात असला म्हणजे पुरस्कार सरकारी असतोच असं नाही. नोंदणी शुल्क घेऊन ‘नॅशनल एक्सलन्स’ छापाची ट्रॉफी देणाऱ्या खासगी संस्था भरपूर आहेत. पद्म पुरस्कारांची नावं `padmaawards.gov.in` वर असतात. बाकी सरकारी पुरस्कारांची यादी संबंधित मंत्रालय प्रसिद्ध करतं. यादीत नाव सापडेपर्यंत पत्र छापायला देऊ नका. आणि एक खूण लक्षात ठेवा. पद्म पुरस्कारासाठी कुणालाही पैसे भरावे लागत नाहीत आणि पुरस्कारासोबत रोख रक्कमही मिळत नाही. मिळते ती राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक.

दुसरी गोष्ट, पुरस्कार जाहीर झालाय की दिला गेलाय. पद्म पुरस्कार प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी जाहीर होतात, पण राष्ट्रपती भवनातला सोहळा नंतर होतो. त्यामुळे २६ जानेवारीच्या पत्रात ‘राष्ट्रपतींच्या हस्ते प्रदान करण्यात आला’ असं लिहिलं, तर ते त्या दिवशी खरं नसतं. तिथे ‘जाहीर झाला’ हाच शब्द बरोबर.

तिसरी गोष्ट म्हणजे पुरस्काराचं वर्ष. बीजमाता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राहीबाई पोपेरे यांचा पद्मश्री २०२० चा, पण करोनामुळे तो त्यांच्या हातात पडला नोव्हेंबर २०२१ मध्ये. पत्रात वर्ष लिहायचं ते जाहीर झालेलं, म्हणजे २०२०. नाहीतर पुढे कोणी यादी तपासली की नाव सापडत नाही आणि खऱ्या पुरस्काराबद्दलच शंका निघते.

अभिनंदनपत्र, मानपत्र आणि प्रशस्तिपत्र

हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण त्यांची कामं वेगळी आहेत.

अभिनंदनपत्र म्हणजे बातमी कळल्यावर संघाने लेटरहेडवर पाठवलेलं पत्र. ते एका पानाचं, साधं. मानपत्र किंवा सन्मानपत्र कार्यक्रमात मोठ्याने वाचलं जातं आणि फ्रेम करून दिलं जातं. त्यामुळे त्याची वाक्यं कानाला सोपी हवीत. प्रशस्तिपत्र मात्र पुरस्कार देणारी संस्था देते. आपण पुरस्कार दिलेला नाही, फक्त आनंद व्यक्त करतोय, म्हणून संघाच्या कागदावर ‘प्रशस्तिपत्र’ हा मथळा नको.

याच्याशीच जोडलेली आणखी एक चूक आहे. कागद ‘ऑफिशियल’ दिसावा म्हणून डिझाईन करणारा वरती अशोकस्तंभाची राजमुद्रा टाकून देतो. हे करू नका. परवानगीशिवाय राजमुद्रा वापरायला २००५ च्या कायद्याने बंदी आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितलेली आहे. संघाचं स्वतःचं बोधचिन्ह आणि शाळेची परवानगी असेल तर शाळेचं चिन्ह, एवढं पुरतं.

शाळेच्या रजिस्टरमधून काय घ्यायचं, काय नाही

‘आपला विद्यार्थी’ हे आधी कागदावर तपासा. शाळेत जनरल रजिस्टर असतं. शाळा सोडल्याचा दाखला त्याच्यावरूनच तयार होतो. मुख्याध्यापकांना विनंती केली की नाव, प्रवेशाचं वर्ष आणि शाळा सोडल्याचं वर्ष कळतं. बऱ्याचदा ‘आमच्याच बॅचचे’ म्हणून मिरवलेला माणूस सातवीतच दुसऱ्या शाळेत गेलेला असतो. तसं असेल तर ‘सातवीपर्यंतचं शिक्षण’ असं लिहावं. त्याने काही कमी होत नाही.

लग्नानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींच्या बाबतीत दोन्ही नावं लागतात. पुरस्काराच्या यादीत असतं तेच नाव मुख्य ठेवा आणि शाळेतलं नाव पुढे ‘शाळेतील नाव’ असं सांगून द्या. नावाआधी ‘सौ.’ लावायचं, ‘श्रीमती’ लावायचं की काहीच नाही, हे त्यांनाच विचारा. सरकारी कागदांत ‘श्रीमती’ सगळ्याच स्त्रियांसाठी चालतं, पण गावाकडे त्याचा वेगळा अर्थ घेतला जातो.

त्याच रजिस्टरमध्ये जन्मतारीख आणि जातही असते. शाळेत गुणपत्रकांच्या नोंदीही सापडतील. यातलं काहीही पत्रात येता कामा नये. पत्राचा फोटो सोशल मीडियावर जाणार आहे, हे धरूनच लिहायचं. ‘गणितात नापास झालेला पोरगा बघा कुठे पोचला’ हा किस्सा स्नेहसंमेलनात हसवतो, पण तो मानपत्रात छापायचा असेल तर त्या माणसाची परवानगी घ्या.

आणि स्तुतीचं काय?

मानपत्रांची जुनी भाषा आठवते? ‘आपल्या कार्यकर्तृत्वाचा सुगंध दशदिशांत दरवळत आहे.’ हे वाक्य कुणालाही लावता येतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. ज्याचा सत्कार असतो तोही ते ऐकताना खाली बघत असतो.

देशमुखांच्याच उदाहरणावर करून बघू. ‘अर्थक्षेत्रातील देदीप्यमान सूर्य’ असं लिहिण्यापेक्षा ‘रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर’ एवढं लिहिलं तर जास्त वजन पडतं. पण इथेही जपून. ‘रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर’ असं लिहिलं की चूक झाली. पहिले गव्हर्नर होते ऑस्बॉर्न स्मिथ, १९३५ साली. एक ‘भारतीय’ शब्द गळला की पूर्ण विधान खोटं ठरतं. ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्वात तरुण’ हे शब्द पत्रात आले की तिथे थांबून तपासायचं, एवढी सवय लावून घ्या.

शिवाय शाळेने सांगायची गोष्ट वेगळी असते. पुरस्कार कशासाठी मिळाला हे वर्तमानपत्रात आलेलंच असतं. तो माणूस शाळेत कसा होता आणि त्याच्या कामाचं इथल्या मातीशी काय नातं आहे, हे फक्त माजी विद्यार्थीच सांगू शकतात. देशमुखांच्या जीझस कॉलेजने १९५२ साली त्यांना मानद फेलो केलं, म्हणजे आपल्या विद्यार्थ्याला पुन्हा आपल्यात घेतलं. आपल्या पत्राचंही मूळ काम हेच आहे.

थळसाठी एक नमुना

समजा, थळच्या शाळेत शिकलेल्या एका शिक्षिकेला राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार केंद्राचं शिक्षण मंत्रालय देतं आणि शिक्षकदिनी, ५ सप्टेंबरला, दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते तो दिला जातो. या काल्पनिक बाईंना संघाचं पत्र असं जाईल:

> माजी विद्यार्थी संघ, (शाळेचं नाव), थळ, ता. अलिबाग, जि. रायगड
> जावक क्र. / दिनांक
>
> प्रति,
> श्रीमती (पूर्ण नाव)
> (शाळेतील नाव, दहावी, मार्च १९९४)
>
> विषय : राष्ट्रीय शिक्षक पुरस्काराबद्दल अभिनंदन
>
> सप्रेम नमस्कार,
>
> शिक्षण मंत्रालयाचा या वर्षीचा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार आपल्याला ५ सप्टेंबर रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला. ही बातमी थळमध्ये कळली तेव्हा आपल्या वर्गातल्या अनेकांनी शाळेत येऊन ती सरांना सांगितली. संघाच्या सर्व सभासदांच्या वतीने आपले मनःपूर्वक अभिनंदन.
>
> मासेमारीच्या हंगामात वडिलांना मदत करायला जाणारी मुलं वर्गात मागे पडतात, हे आपण याच शाळेच्या बाकावर बसून पाहिलं होतं. पुढे शिक्षिका झाल्यावर अशा मुलांसाठी आपण संध्याकाळचा वर्ग सुरू केलात आणि तो बारा वर्षं चालवलात. त्या वर्गात शिकलेली मुलं आज आपल्याला ‘बाई’ म्हणतात, आणि शाळेला त्याचा अभिमान आहे.
>
> येत्या स्नेहसंमेलनात आपला सत्कार करण्याची संघाची इच्छा आहे. आपल्याला सोयीची तारीख कळवावी. त्या दिवशी नववी-दहावीच्या मुलांशी आपण अर्धा तास बोलावं, अशी विनंती आहे.
>
> आपले,
> अध्यक्ष / सचिव

पहिल्या परिच्छेदात पुरस्काराचं नाव, देणारं मंत्रालय आणि तारीख आहे. दुसऱ्यात शाळेशी जोडलेली एकच गोष्ट आहे, पण ती दुसऱ्या कोणाच्या पत्रात चिकटवता येणार नाही. तिसऱ्यात एक स्पष्ट विनंती आहे. ‘आपल्या हातून अशीच सेवा घडो’ हे वाक्य कुठेच नाही आणि त्यामुळे काही अडलेलं नाही.

‘बारा वर्षं’ हा आकडा खऱ्या पत्रात लिहायचा असेल, तर तो बाईंकडून किंवा त्यांच्या शाळेकडून पक्का करून घ्यायचा. म्हणून अंतिम मसुदा छापण्याआधी ज्यांचा सत्कार आहे त्यांना एकदा पाठवा. आश्चर्याचा धक्का देण्याच्या नादात चुकीचा मजकूर फ्रेम होतो आणि मग पंचवीस वर्षं तो कुणी बदलत नाही.

पत्र पाठवलं, आता पुढे?

एक गोष्ट बऱ्याच संघांना माहीत नसते. पद्म पुरस्कारासाठी नामांकन कोणीही नागरिक करू शकतो, अगदी माजी विद्यार्थी संघाचे सभासदसुद्धा. ते ऑनलाइन भरावं लागतं आणि त्यात जास्तीत जास्त ८०० शब्दांत त्या व्यक्तीचं काम लिहायचं असतं. तिथे ‘कार्याचा सुगंध’ कामाला येत नाही. किती वर्षं, कुठे, कोणासाठी, काय बदललं, एवढंच बघितलं जातं.

गावातल्या अशा एखाद्या माणसाचं काम तुम्हाला माहीत असेल, तर पुरस्काराची यादी येण्याची वाट बघत बसण्यापेक्षा ते ८०० शब्द आत्ताच लिहायला घ्या.